महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी क्रॉन कसा चालवायचा? मदत हवी आहे

आमच्या ऑफिसची पगाराची फाइल महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी संध्याकाळी 6 ला निघायला हवी. फेब्रुवारीत मी लिनक्स सर्व्हरवर हे लावलं:

```
0 18 28-31 * * [ "$(date -d tomorrow +\%d)" = 01 ] && /opt/pagar/run.sh
```

उद्या 1 तारीख असेल तरच स्क्रिप्ट चालते, त्यामुळे 28, 30, 31 चा प्रश्न सुटला. (`%` च्या आधी `\` नसेल तर क्रॉन तिथेच ओळ तोडतो, यात माझा अर्धा दिवस गेला.) पण 28 फेब्रुवारी 2026 ला शनिवार होता आणि आम्हाला शनिवार-रविवार सुट्टी. फाइल शुक्रवारी, 27 ला हवी होती, आणि 27 तर माझ्या 28-31 मध्ये बसतच नाही! अकाउंट्सच्या ताईंनी ती हाताने काढली.

मग `26-31 * 1-5` करून पाहिलं. तारीख आणि वार दोन्ही दिले की क्रॉन त्यांपैकी एक जुळलं तरी चालतो, म्हणून तो रोजच, सोमवार ते शुक्रवार, धावू लागला.

आता वाटतंय, काम रोज चालवावं आणि पुढचा कामाचा दिवस दुसऱ्या महिन्यात पडतो का, हे स्क्रिप्टनेच तपासावं. पण मग सणांच्या सुट्ट्या स्क्रिप्टला कळणार कशा? तुम्ही ती यादी कुठे ठेवता, आणि सुट्टी ऐन वेळी बदलली तर काय करता?