‘तुला हवं तसं कर’
"मी फक्त ‘बरं, तुला हवं तसं कर’ म्हटलं, त्यात एवढं लागण्यासारखं काय?"

शब्द होकाराचे आणि सूर नकाराचा असतो म्हणून लागतं गं, समोरच्याला कळतं काहीतरी बिनसलंय पण विचारलं की "कुठे काय, हो म्हटलं ना", म्हणजे त्याला धड भांडताही येत नाही आणि मोकळ्या मनाने जाताही येत नाही. नवऱ्याने रविवारचा ट्रेक ठरवला तेव्हा मी "जा की" म्हणून भांडी आदळत बसले, तो गेलाच नाही आणि दिवसभर दोघंही गप्प. पुढच्या वेळी सरळ म्हटलं, "मला न विचारता ठरवलंस त्याचं वाईट वाटलं, जा, पण सातपर्यंत ये, आईकडे जायचंय." त्यात "तू नेहमीच असं करतोस" घातलं असतं तर तो लगेच सफाई द्यायला लागला असता. फारच राग असेल तर "आत्ता डोकं तापलंय, तासाभराने बोलते" म्हण, फक्त तासाभराने खरंच बोल.