मदत हवी आहे: कंपनीच्या सपोर्ट हँडलला पोस्ट लिहायची आहे, शब्द कसे ठेवू?

मीनल_सांगली:
वॉशिंग मशीन वॉरंटीत आहे, मोटर गेली. टेक्निशियन आला, मोटर मागवावी लागेल म्हणाला आणि "पार्टची नोंद करायला ओटीपी लागतो" असं सांगून ओटीपी घेऊन गेला. संध्याकाळी मेसेज आला, तक्रार पूर्ण! मशीन तसंच पडून आहे. कस्टमर केअरला फोन केला की नवीन तक्रार नोंदवा म्हणतात. आता एक्सवर लिहिणार आहे. माझा मसुदा असा:

"@हँडल चोर कंपनी आहे ही! तुमच्या टेक्निशियनने (इथे त्याचं नाव) ओटीपी घेऊन फसवलं. पैसे खाता सगळे. कुणीही यांचं मशीन घेऊ नका."

घरी सगळे म्हणतात, असं लिहिलंस तर नोटीस येईल. पण सौम्य लिहिलं तर कोण बघणार?

रानवारा:
बिनधास्त लिहा. खरं असेल तर बदनामी होतच नाही.

देवदत्त:
रानवारा, हे अर्धंच बरोबर आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये नुसतं खरं असून भागत नाही, ते सांगणं लोकहिताचंही असावं लागतं. शिवाय बदनामी कंपनीचीही होऊ शकते. मुळात मीनलताईंना खरं काय माहीत आहे ते बघा. ओटीपी घेतला, तक्रार बंद झाली, मोटर बसलेली नाही. पैसे कुणी खाल्ले हे त्यांनी पाहिलेलं नाही. टेक्निशियनने मुद्दाम केलं की सर्व्हिस सेंटरने त्याला तसं करायला लावलं, हेही ठाऊक नाही. म्हणून त्याचं नाव तर अजिबात नको.

मी काही वर्षं एका कंपनीच्या सोशल मीडिया डेस्कवर होतो. समोरचा माणूस पोस्टमध्ये पकडायला काहीतरी शोधतो: कुठली वस्तू, काय अडलंय, काय हवंय. "चोर कंपनी" वाचून त्याला करण्यासारखं काही नसतं, मग "गैरसोयीबद्दल क्षमस्व" हे ठरलेलं उत्तर जातं. "दुरुस्ती न होता तक्रार बंद" हे मात्र त्याला वर पाठवावं लागतं. मी असं लिहीन:

"वॉशिंग मशीन वॉरंटीत, मोटर बंद. 3 जूनला टेक्निशियनने ओटीपी घेतला, त्याच संध्याकाळी तक्रार 'पूर्ण' झाली. मोटर अजून बसवलेली नाही. तक्रार पुन्हा उघडा आणि मोटर कधी बसेल ती तारीख कळवा. @हँडल"

हँडल शेवटी ठेवा. पोस्टची सुरुवातच हँडलने झाली तर एक्स तिला रिप्लाय समजतं आणि ती फार जणांपुढे जात नाही. सोबत "तक्रार पूर्ण"च्या मेसेजचा स्क्रीनशॉट लावा, त्यातला मोबाइल नंबर आणि टेक्निशियनचं नाव झाकून.

कोकणवारा:
माझंही कुरिअरचं पार्सल "डिलिव्हर्ड" दाखवतंय आणि मिळालेलं नाही. पैसे परत कसे मिळतील?

देवदत्त:
त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे दोन्ही विषयांची खिचडी होईल.

मीनल_सांगली:
मी त्यात थोडी भर घातली तर 280 अक्षरांची मर्यादा ओलांडतेय. मोजून बघितलं, तेवढी अक्षरं दिसत नाहीत.

देवदत्त:
देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजतात. "दुरुस्ती" हा एवढासा शब्द आठ धरला जातो. भर काय घातलीत? मनस्तापाचं वाक्य असेल तर तेच काढा. तारखेची मागणी काढू नका.

शुभदा_ठाणे:
तक्रार क्रमांक जाहीर टाकू नका हं ताई. माझ्या पोस्टखाली दोन मिनिटांत कंपनीचाच लोगो लावलेलं खोटं "केअर" खातं आलं, नंबर मागितला, मग फोनवर स्क्रीन शेअर करणारं अॅप टाकायला सांगत होते. क्रमांक दिसला की त्यांचं बोलणं आणखी खरं वाटतं.

देवदत्त:
खोट्या खात्यांचं पटतं. पण क्रमांक पोस्टमध्येच असला की डेस्कवरचा माणूस लगेच तक्रार उघडून बघतो, नाहीतर डीएमच्या फेऱ्यात वेळ जातो. मी क्रमांक टाकेन, फोन नंबर आणि पत्ता नाही.

शुभदा_ठाणे:
मी नाहीच टाकणार. डीएममध्ये द्यावा, तोही कंपनीच्या वेबसाइटवर दिलेल्या हँडललाच.

मीनल_सांगली:
क्रमांक न टाकता पोस्ट केली. उत्तर आलं, डीएम करा. खातं वेबसाइटवरचंच आहे, बघून घेतलं. डीएममध्ये म्हणतात, "तुम्ही पोस्ट काढा, मग प्राधान्याने बघतो." काढू का?

देवदत्त:
नको. पोस्टखाली "तक्रार क्रमांक डीएममध्ये दिला आहे, तारखेची वाट बघते" एवढं लिहा. डीएमचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, पण जाहीर टाकू नका. मोटर बसली की त्याच पोस्टखाली तसं लिहा, त्यांनाही तेच हवं असतं. आणि आजच 1915 वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार नोंदवा. तिथे ओटीपीची गोष्ट सविस्तर सांगा, टेक्निशियनचं नावही तिथे द्या.

रानवारा:
पण त्यांनी तारीख दिलीच नाही तर मालकांना टॅग करायचं का?

देवदत्त:
माझ्या डेस्कवर तशा पोस्ट फिरून आमच्याकडेच यायच्या. दुसऱ्या कंपन्यांत कसं चालतं, कुणी आतलं सांगेल का?