त्याच विमानाला सोमवारी एक भाडं, बुधवारी दुसरं: ही लूट की हिशोब?

शाहूपुरीकर: पुढच्या महिन्यात चौघांना हैदराबादला जायचंय. कोल्हापूरहून शुक्रवारचं विमान सोमवारी पाहिलं तेव्हा माणशी ३,४५० होतं. बुधवारी तेच ४,६००. त्याच आठवड्यातल्या मंगळवारच्या विमानाला मात्र २,९००. विमान तेच, वेळ तीच, खुर्ची तीच. ही लूट नाही तर काय? आणि बुकिंग नेमकं कधी करायचं?

पंचगंगा_काठी: सोपं आहे भावा. तुम्ही सारखं सारखं बघता ते त्यांना कळतं आणि भाव वाढतो. ब्राउजरची हिस्ट्री पुसा, इन्कॉग्निटो उघडा आणि मंगळवारी मध्यरात्रीनंतर बुक करा. आमच्या ऑफिसात सगळे असंच करतात.

तिकीटवाला_राजारामपुरी: माझा धंदाच तिकिटांचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. शाहूपुरीकर, आधी एक करून बघा. तेच शुक्रवारचं विमान चौघांऐवजी एकासाठी शोधा. मग दोघांसाठी, मग तिघांसाठी. काय दिसतं ते इथं लिहा.

शाहूपुरीकर: एकाला ३,४५०. दोघांना पण माणशी ३,४५०. तिघं टाकले की सगळ्यांना ४,६००! हे काय गौडबंगाल?

तिकीटवाला_राजारामपुरी: गौडबंगाल काही नाही. विमानातल्या खुर्च्या दिसायला सारख्या, पण विक्रीसाठी त्यांचे गट पाडलेले असतात. प्रत्येक गटाला एक अक्षर आणि एक भाव. आमच्या स्क्रीनवर साधारण असं दिसतं:

```
Y9 B9 M9 K5 L2 Q0
```

अक्षरं कंपनीगणिक बदलतात, पण वाचायची रीत एकच. Q सगळ्यात स्वस्त, तो संपला. L मध्ये दोन जागा उरल्यात, K मध्ये पाच. ९ म्हणजे नऊ किंवा जास्त, त्यापुढचा आकडा दाखवतच नाहीत. तुमच्या विमानात ३,४५० च्या गटात आता दोनच जागा आहेत. सोमवारी चार तरी होत्या, मधल्या दोन दिवसांत काही गेल्या. सिस्टीम एका बुकिंगमधल्या सगळ्यांना सहसा एकाच गटातून जागा देते. दोन जागांत चौघं मावत नाहीत, म्हणून ती चौघांनाही वरच्या गटात ढकलते.

आता हिशोब करा. चौघं एकत्र घेतले तर १८,४००. आधी दोघांचं ३,४५० ने काढलं आणि लगेच उरलेल्या दोघांचं ४,६०० ने, तर १६,१००. सरळ २,३०० वाचले. मात्र पीएनआर दोन होतात. विमान रद्द झालं किंवा वेळ बदलली तर दोन्हींचा पाठपुरावा वेगळा करावा लागतो. पोरं असतील तर प्रत्येक पीएनआरमध्ये एक मोठं माणूस ठेवा.

आणि पंचगंगा_काठी, हिस्ट्री पुसून L मधल्या दोनाच्या चार होत नाहीत. कधी पोर्टलवर जुना साठवलेला भाव दिसतो आणि पैसे भरायला गेलं की नवा येतो. त्यावरून लोकांना वाटतं, आपल्याला ओळखून वाढवला.

पंचगंगा_काठी: मग मी मंगळवारी घेतलेलं तिकीट स्वस्त कसं पडलं?

तिकीटवाला_राजारामपुरी: घेतलं मंगळवारी, की प्रवास मंगळवारचा होता?

पंचगंगा_काठी: ...प्रवास पण मंगळवारचाच होता.

सुमन_मावशी: माझ्या मुलानं गेल्या वर्षी तिकीट रद्द केलं तर जेमतेम काहीशे रुपये परत आले. त्याचं काय करायचं? कुणी सांगेल का?

तिकीटवाला_राजारामपुरी: मावशी, हा वेगळा विषय, पण थोडक्यात सांगतो. स्वस्त तिकिटाचं मूळ भाडं बहुतेक वेळा जातंच. विमानतळाचं शुल्क आणि कर मात्र परत द्यावे लागतात, तिकीट नॉन-रिफंडेबल असलं तरी. बहुधा तेच पैसे आले असतील. तिकिटावरचा तपशील आणि परत आलेली रक्कम ताडून बघा.

कागलचा_इंजिनिअर: म्हणजे तारखेचा काही संबंधच नाही, फक्त जागांचा. मग "लवकर बुक करा" हे सगळं थोतांडच की.

तिकीटवाला_राजारामपुरी: असं पण नाही. काही स्वस्त भाड्यांना अट असते की प्रवासाच्या २१, १४ किंवा ७ दिवस आधी घेतलं तरच मिळेल. ती मुदत उलटली की त्या गटात जागा पडून असल्या तरी तो भाव बंद. ओळखायचं कसं? एकाचं भाडं कमी आणि चौघांचं जास्त दिसलं, तर जागा संपत आल्यात. एकाचंही भाडं अशा मुदतीच्या दिवशीच एकदम चढलं, तर बहुधा अट संपली.

शुक्रवार-मंगळवारचा फरक मात्र विक्री सुरू होण्याआधीच ठरलेला असतो. शुक्रवारी महाग घेणारे येणार हे मागच्या वर्षांच्या विक्रीवरून त्यांना माहीत असतं, म्हणून त्या दिवशी खालच्या गटांत जागाच कमी सोडतात. विक्री अंदाजापेक्षा मंद चालली की बंद केलेला गट पुन्हा उघडतातही. एखाद्या टूरवाल्यानं अडवलेल्या जागा सोडल्या की तसंच. म्हणून भाडं कधी उतरतंही. पण ते कधी उतरेल, हे मी पैजेवर सांगणार नाही.

आपल्याकडे हे जास्त जाणवतं, कारण विमान लहान. एटीआर म्हणजे ७८ खुर्च्या. तळाच्या गटात आठ-दहा जागा असल्या आणि एखाद्या लग्नाच्या वऱ्हाडानं त्या उचलल्या, की दुपारपर्यंत भाव वर. पुण्याहून १८० खुर्च्यांचं विमान, तेही दिवसातून अनेक, तिथं तेवढ्यानं हलत नाही.

दसरा_चौक: हिशोब समजला, पण पटला नाही. दिवाळीत खासगी ट्रॅव्हल्सवाले मनमानी करायचे म्हणून २०१८ साली सरकारनं मर्यादा घातली: एसटीच्या भाड्याच्या दीडपटीवर जायचं नाही. ती किती पाळली जाते ते सोडा, पण नियम तरी आहे. रेल्वेनं २०१६ मध्ये राजधानी-शताब्दीला फ्लेक्सी भाडं लावलं, तेव्हा उघड सांगितलं की दर दहा टक्के जागा गेल्या की दहा टक्के वाढ, आणि दीडपटीवर थांबणार. विमानवाल्यांनी कुठल्या गटात किती जागा ठेवल्यात, हे आम्हाला का दिसत नाही? भाव वेगळे ठेवायला माझी ना नाही, लपवायला आहे.

कागलचा_इंजिनिअर: मर्यादा घातली की स्वस्त भाव पण जातो दादा. मंगळवारचे २,९०० शुक्रवारच्या महाग तिकिटांवरच निघतात. सगळ्यांना सरासरी लावली तर अर्धं विमान रिकामं जाईल आणि कोल्हापूरची फेरीच बंद पडेल.

दसरा_चौक: सरकारच्या उडान योजनेत मर्यादा होतीच की! तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार. तेव्हा विमानं उडालीच ना?

तिकीटवाला_राजारामपुरी: उडाली, पण मर्यादा साधारण निम्म्याच खुर्च्यांना होती. त्या बदल्यात कंपनीला सरकारी पैसे मिळायचे, तेही एका मार्गाला तीन वर्षं. उरलेल्या खुर्च्यांचा भाव तेव्हाही मोकळाच होता. गटातल्या जागा उघड दाखवाव्यात, या मुद्द्यावर मात्र मी तुमच्या बाजूचा. आमच्या स्क्रीनवर ते दिसतं, गिऱ्हाइकाला दाखवायला काय हरकत आहे?

कागलचा_इंजिनिअर: दाखवलं की "दोनच जागा उरल्या" म्हणून लोक घाबरून जास्त धावतील. फायदा कंपनीचाच.

दसरा_चौक: "लास्ट फ्यू सीट्स" असं लाल अक्षरांत आत्ता पण लिहितातच की. फक्त खरं किती ते सांगत नाहीत.

शाहूपुरीकर: तुमचं चालू द्या. मी दोन-दोन करून काढली, १६,१०० मध्ये बसलं. परतीचं रविवारचं बघतोय. एकालाच ५,२०० दाखवतंय, चौघांनाही तेवढंच.

तिकीटवाला_राजारामपुरी: मग तिथं तुकडे करून उपयोग नाही, तळाचे गट गेलेत. सोमवारी सकाळी निघणं जमतंय का बघा.

शाहूपुरीकर: पोरांची शाळा आहे हो.