माळ्यावरचा मोजमाप मग : पोटावरच्या पिशवीचे घरचे अनुभव

सायली०७

काल दिवाळीची आवरासावर करताना माळ्यावरून एक प्लास्टिकचा मग खाली आला. एक लिटरचा, बाजूला रेघा असलेला. लेकीने विचारलं, "हा केक करायचा का?" आणि मी तिथेच स्टुलावर बसून राहिले. बाबांची पिशवी रिकामी करून मोजायचो तो मग.

बाबांना गुदाशयाचा कॅन्सर होता. गाठ काढून आतडं जोडलं आणि ती जोडणी भरून येईपर्यंत लहान आतड्याचं तोंड, म्हणजे स्टोमा, पोटावर काढून त्यावर पिशवी लावली. आठव्या दिवशी घरी आलो. "पाणी भरपूर प्या" एवढंच डोक्यात ठेवून आलो होतो. हेच आमचं चुकलं, म्हणून धागा काढतेय.

घरी आल्यावर चौथ्या दिवसापासून पिशवी तासातासाला भरायला लागली. आत पेजेसारखं घट्ट असायचं ते नुसतं पाणी. बाबांना तहान इतकी की उशाशी तांब्या. आम्ही पाणी, नारळपाणी, लिंबाचं पातळ सरबत, चहा, जे मागतील ते देत गेलो. जितकं प्यायले त्याहून जास्त बाहेर. मोजलं तर दिवसाला २२०० मिली. रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे. सहाव्या दिवशी सकाळी बाथरूममध्ये उभे राहिले आणि भिंत धरून खाली बसले. आदल्या दिवशी लघवी फक्त दोनदा झाली होती, कोऱ्या चहाच्या रंगाची. ते मला त्यांनी तेव्हा सांगितलं.

दवाखान्यात सोडियम घसरून १२६, क्रिएटिनिन चढून २.४. दोन दिवस सलाईन. तिथल्या स्टोमा नर्सबाईंनी खुर्ची ओढून समजावलं. साधं पाणी किंवा चहा लहान आतड्याच्या वरच्या भागात गेला की तिथलं अस्तर शरीरातलं मीठ त्यात सोडतं, आणि मिठामागे पाणीही ओढलं जातं. एरवी पुढचं आतडं ते परत शोषून घेतं. यांचं सगळं त्याआधीच पोटावरून बाहेर. म्हणजे तहान लागली म्हणून साधं पाणी दिलं की मीठ आणखी जातं, आणि तहान आणखी लागते. नारळपाण्यातही सोडियम कमीच, हे मला धक्कादायक होतं. आमच्याकडे आजाऱ्याला पहिलं शहाळंच.

मग ठरलं ते असं. पाणी, चहा, ताक सगळं मिळून दिवसाला एक लिटरच्या आत. बाकी तहान मीठसाखरेच्या पाण्यावर. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात २० ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम खायचा सोडा. चमच्याने अंदाज नाही, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून. फ्रीजमध्ये थंड करून स्ट्रॉने घोट घोट, चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं. चव समुद्राची, बाबा तोंड वाकडं करायचे. जेवताना पाणी नाही, आधी-नंतर अर्धा तास सोडून. आतड्याची चाल मंद करणारी लोपरामाइडची गोळी जेवणाआधी अर्धा तास, किती ते डॉक्टरांनी ठरवलं. जेवण म्हणजे मऊ भात-दही वरून मीठ घालून, केळं, उकडलेला बटाटा, साबुदाण्याची घट्ट खीर. आणि भाजलेला पापड, जो बीपीमुळे दहा वर्षं बंद होता! तिसऱ्या दिवशी मगात १३०० दिसले, आठवड्याने ९००. अडीच महिन्यांनी आतडं परत आत घातलं.

तुमच्याकडे काय झालं ते लिहा. छोटं असलं तरी.

रानजाई

वाचताना पोटात तुटलं गं. बाबा आता कसे आहेत?

सायली०७

ठणठणीत आहेत. मग फेकू देत नाहीत.

मुक्काम_नाशिक

माझ्या सासऱ्यांना ४ वर्षं पिशवी आहे. आम्ही उलट रोज ३ लिटर पाणी देतो, पपई, पालेभाजी, रात्री इसबगोल. काही त्रास नाही. पाणी कमी केलं की खडा होतो आणि दोन दोन दिवस काही येत नाही. उगाच घाबरू नये, पाणी हेच औषध.

निवृत्त_सिस्टर

मुक्काम_नाशिक, तुमच्या सासऱ्यांची पिशवी पोटाच्या डाव्या बाजूला असणार आणि मल नेहमीसारखा घट्ट. ते मोठं आतडं आहे. त्यांच्यासाठी तुम्ही करताय ते बरोबरच. सायलीच्या बाबांचं लहान आतडं, बहुधा उजव्या बाजूला, मल कायम पातळसर. दोघांनाही लोक "पिशवी" म्हणतात आणि शेजारी सल्ला एकमेकांना देतात, त्यात घोटाळा होतो. वॉर्डात आम्ही घरी सोडताना कागदावर मोठ्या अक्षरांत लिहायचो, लहान की मोठं.

आणि मगाचं म्हणाल तर पहिले दोन महिने तो हवाच. दिवसाला ५०० ते १००० मिली म्हणजे आतडं रुळलं. सलग दोन दिवस १५०० च्या वर गेलं की फोन करा, चक्कर येईपर्यंत थांबू नका. लघवी पण मोजा. ती दिवसाला लिटरभराच्या खाली घसरायला लागली की पिशवीपेक्षा तीच आधी सांगते.

मुक्काम_नाशिक

हो, डावीकडेच आहे. हे माहीत नव्हतं. गेल्या महिन्यात गावच्या एका ओळखीच्यांना मी इसबगोल सांगितलं होतं 😟 त्यांची कुठली आहे विचारतो आत्ताच.

कोकणकडा

माझी स्वतःची. अल्सरेटिव्ह कोलायटिसमुळे मोठं आतडं पूर्ण काढलं, २०१६ पासून कायमची. जास्त आउटपुट, म्हणजे पिशवीत खूप येणं, मला फारसं नाही. माझी गोष्ट अडकण्याची.

गणपतीत आत्याकडे उकडीचे मोदक. पाच खाल्ले. ओल्या खोबऱ्याचं सारण, शिवाय दुपारी शेवग्याच्या शेंगांची आमटी, चघळून चोथा गिळला. रात्री अकराला पिशवीत एकदम पाण्यासारखं धो धो आलं, वास नेहमीपेक्षा वेगळा, घाण. मला वाटलं जुलाब. लोपरामाइड घेतली. ही माझी मोठी चूक. चोथ्याचा गोळा आत अडकलेला असतो आणि फक्त पाणी त्याच्या बाजूने वाट काढतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा गोळी म्हणजे अडलेल्या दाराला आतून कडी.

बारानंतर पिशवी कोरडी. कळा लाटेसारख्या, येऊन थांबायच्या, परत यायच्या. स्टोमा सुजून मोठा झाला, पिशवी कातडीला चिकटवणाऱ्या चकतीचं भोक त्याला आवळायला लागलं. बायकोने पिशवी काढली आणि नवीन चकतीचं भोक नेहमीपेक्षा मोठं कापून लावली. खाणं बंद. उलटी नव्हती म्हणून कोमट पाणी घोट घोट, गरम पाण्याची पिशवी पोटावर, गुडघे छातीशी घेऊन कुशीवर, स्टोमाच्या भोवती हलक्या हाताने चोळणं. आधी एकदा एवढ्यावर सुटलं होतं. या वेळी तीनला उलटी झाली. उलटी झाली की घरचे उपाय संपले, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेलं, म्हणून लगेच निघालो. एक्सरे, सलाईन, नाकातून नळी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपोआप मोकळं झालं. ऑपरेशन टळलं.

आता मोदक खातो, पण एक. आणि सारण तोंडात दूध होईपर्यंत चावतो. शेवग्याचा गर चमच्याने काढून. मक्याचं कणीस, मशरूम, सुकं खोबरं, अननस, संत्र्याचे पापुद्रे यांना नमस्कार.

विदर्भकन्या

संत्री सोडायची म्हणजे नागपूरकरांवर अन्यायच 😄 रस गाळून चालतो का?

कोकणकडा

गाळून चालतो मला. पण रस पण पातळ आणि गोड, पेला भरून घेतला की आउटपुट वाढतो. अर्धा पेला.

विदर्भकन्या

आईसाठी विचारत होते. मे महिन्यात आमच्याकडे चकती घामाने दुसऱ्या दिवशीच सुटते. कातडी लाल लाल, पाणी लागलं तरी ओरडते. कोणाला काही सापडलंय?

निवृत्त_सिस्टर

ओरडते म्हणजे मल कातडीला लागतोय. भोक स्टोमाच्या मापाचं आहे का बघा, कड आणि स्टोमा यांत २-३ मिलिमीटरच जागा हवी. पहिल्या दीड-दोन महिन्यांत स्टोमा आक्रसतो आणि लोक दवाखान्यात दिलेल्याच मापाने कापत राहतात. बदलायचं सकाळी उपाशीपोटी, तेव्हा तो शांत असतो. नुसत्या पाण्याने धुवा, खोबरेल लावू नका, चकती धरत नाही. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा, वजनाने ओढली जाते.

विदर्भकन्या

खोबरेलच लावत होतो 🙈 धन्यवाद ताई.

आईचा_लेक

कुकर लावलाय, घाईत लिहितो. आईची लहान आतड्याची, तीन आठवडे झाले. मधुमेह २० वर्षं. वरचं ग्लुकोजचं पाणी तिला कसं देणार? मी ग्लुकोज काढून नुसतं मीठ-लिंबू देतोय. काल १९०० आलं.

सायली०७

दादा, आम्हाला नर्सबाईंनी ग्लुकोज अजिबात गाळू नका म्हणून सांगितलेलं. आतड्याच्या अस्तरातून मीठ ग्लुकोजचा हात धरून आत जातं म्हणे. पण बाबांना साखर नाही, त्यामुळे तुमच्या आईचं मी सांगू शकत नाही.

कोकणकडा

मी दाखवायला जातो त्या ओपीडीतल्या एका मधुमेही काकांना तेच पाणी दिलं होतं, इन्सुलिन वाढवून. पण त्यांच्या डॉक्टरांनी बसवलेलं ते.

निवृत्त_सिस्टर

१९०० ला धाग्यावर थांबू नका. आज सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन करून घ्या. आणि पिशवीत गोळ्या अख्ख्या दिसतात का बघा. सावकाश विरघळणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्या अशा वाहून जातात, मग साखर का चढली कळत नाही. बीपीची पाणी काढणारी गोळी चालू असेल तर तीही डॉक्टरांना आठवणीने सांगा.

आईचा_लेक

बीपीची आहे चालू, नाव बघतो. गोळी अख्खी दिसली होती परवा, मला वाटलं साल असेल कसली.

रानजाई

सायली, साबुदाण्याची घट्ट खीर दुधाची की नारळाच्या दुधाची?

सायली०७

साध्या दुधाची, बाबांना पचायचं. काहींना दुधाने वाढतं, थोडी देऊन मगात बघ.

आईचा_लेक

रिपोर्ट आला. क्रिएटिनिन १.८, सोडियम १२९. ॲडमिट करताहेत. बीपीची गोळी बंद केली. ग्लुकोजच्या पाण्याचं उद्या राउंडला विचारतो, इथे लिहितो. सायलीताई, मग कुठून घेतला होता?

सायली०७

भांड्यांच्या दुकानात, केकच्या सामानात. ॲडमिट केलं ते बरं झालं. वॉर्डात विचार, ते मोजायला भांडं देतात, घरी जाताना तेच घेऊन ये.