मदत हवी आहे: लँडलाइन आणि ब्रॉडबँड एकाच वेळी बंद. मोडेम खरंच गेला असेल का?

कडुनिंब
नमस्कार. आम्ही नागपूरला त्रिमूर्ती नगरात राहतो. जुनं तांब्याच्या तारेचं कनेक्शन आहे आणि त्याच तारेवर फोन आणि ब्रॉडबँड दोन्ही चालतं. बाबा 78 वर्षांचे आहेत. मोबाइल त्यांना जमत नाही, त्यांचे सगळे फोन लँडलाइनवरच येतात.

मंगळवारी संध्याकाळी जोराचा पाऊस झाला. त्याआधी दोन दिवस फोनमध्ये खरखर होती, आणि फोन वाजला की नेट तुटायचं. मंगळवारी रात्री दोन्ही एकदमच गेलं. रिसीव्हर उचलला तर काहीच आवाज नाही. मोडेमचा पॉवरचा दिवा लागतो, डीएसएलचा दिवा मात्र नुसता लुकलुकत राहतो, स्थिर होत नाही.

तक्रार नोंदवली. फोनवर सांगितलं, "मोडेम खराब असेल, नवीन घ्या." पण मोडेम बिघडला तर बाबांचा फोन का बंद पडावा? फोनला तर मोडेम लागतच नाही. मी चुकीचा विचार करते आहे का?

वर्धारोडवाला
ताई, राउटरच्या मागे बारीक छिद्र असतं, त्यात पिन घालून दहा सेकंद दाबा आणि पासवर्ड पुन्हा टाका. माझं असंच ठीक झालं होतं. लाल दिवा लागला असेल तर मात्र वायर तुटली समजा.

कडुनिंब
धन्यवाद, पण आमच्याकडे लाल दिवाच नाही. तुमचं फायबर असावं. आणि रिसेट करून फोनचा डायल टोन कसा येईल?

महालकर
दोन्ही गेलं म्हणजे एक्स्चेंजच बसलं असेल हो. पावसाळ्यात होतं असं. नाहीतर स्प्लिटर गेला असेल, तो छोटा पांढरा डबा. तो बदलून पाहा.

जुना जॉइंटर
कडुनिंब ताई, तुमचा विचार बरोबर आहे. मी केबल जोडणीच्या कामात 30 वर्षं होतो, आता निवृत्त आहे.

मोडेम गेला तर डायल टोन राहतो, फक्त नेट जातं. स्प्लिटरच्या पुढे फोनच्या बाजूची वायर शॉर्ट झाली तर फोन जातो, पण नेट बहुतेक चालू राहतं, कारण स्प्लिटर दोन्ही बाजू वेगळ्या ठेवतो. दोन्ही एकदम गेलं की बिघाड दोघांच्या सामाईक वाटेवर शोधायचा: स्प्लिटर, भिंतीवरचा रोझेट जिथे बाहेरची तार येऊन जोडलेली असते, घरात येणारी ड्रॉप वायर, खांबावरचा डीपी म्हणजे जिथून घराघरांत तारा जातात तो डबा, मग केबल आणि शेवटी एक्स्चेंजमधली जोडणी. महालकरांचं स्प्लिटरचं म्हणणं म्हणून शक्य आहे, पण तो विकत घेण्याआधी तपासता येतो.

पुढचं सगळं आभाळ मोकळं असतानाच करा. विजा चमकत असतील तर तारेला हात लावू नका. आधी शेजारी विचारा, त्याच कंपनीची तार असलेला कुणाचा फोन चालू आहे का? मग मोबाइलवरून स्वतःच्या लँडलाइनला फोन लावा. मोबाइलमध्ये घंटी ऐकू येते की एंगेज लागतो, ते सांगा.

कडुनिंब
दोन घरं सोडून एका काकूंचं चालू आहे, फोन आणि नेट दोन्ही. मोबाइलवरून लावलं तर एंगेज येतो. तीनदा लावून पाहिलं, तिन्ही वेळा एंगेज.

जुना जॉइंटर
मग एक्स्चेंज बसलेलं नाही. तार कुठे तुटली असती तर एक्स्चेंजला तुमचा फोन ठेवलेलाच दिसला असता, आणि लावणाऱ्याला घंटी ऐकू आली असती, तुमच्याकडे मात्र काही वाजलं नसतं. एंगेज येतो म्हणजे एक्स्चेंजला वाटतंय की रिसीव्हर उचललेला आहे. दोन तारा कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत.

आता रोझेटमधून घरातलं सगळं सोडवा: फोन, स्प्लिटर, मोडेम. बाहेरून येणाऱ्या दोन तारा मोकळ्या ठेवा, एकमेकींना लागू देऊ नका. पाच मिनिटं थांबून पुन्हा लावा. एंगेज गेला तर दोष घरात. एंगेजच राहिला तर बाहेर.

सदरवाला
काका, माझ्याकडे गेल्या वर्षी उलटं झालं होतं. फोन बंद, पण नेट चालू. तेव्हा मला सांगितलं की लाइन चांगली आहे. ते खरं होतं का?

जुना जॉइंटर
नाही. दोनपैकी एकच तार तुटली तर फोन मरतो, पण नेट कधीकधी रडतखडत चालतं, स्पीड कमी आणि सारखं तुटणं. नेट चालतंय एवढ्यावरून लाइन धड आहे असं म्हणता येत नाही. तुमच्याकडे काय होतं ते मात्र आता सांगता येणार नाही.

कडुनिंब
सगळं सोडवलं. एंगेजच येतोय. म्हणजे स्प्लिटरही नाही.

शेजारच्या इलेक्ट्रिशियन दादांकडे मल्टिमीटर आहे. आणखी काही मोजता येईल का?

जुना जॉइंटर
येईल. कुणी फोन लावू नये म्हणून सांगून ठेवा, घंटीच्या वेळी लाइनवर सुमारे 75 व्होल्ट येतात. आधी डीसी व्होल्टेज बघा. चांगल्या लाइनवर 48 च्या आसपास असतं. शून्याजवळ असेल तरच ओहमवर न्या, नाहीतर मीटर खराब होईल.

कडुनिंब
व्होल्टेज शून्य. ओहम 21, स्थिर. दादांनी मीटरच्या वायरी एकमेकींना लावून पाहिल्या, त्यांचे जेमतेम अर्धा ओहम.

जुना जॉइंटर
छान मोजलंत. 0.5 मिलिमीटरच्या तांब्याच्या जोडीला जाऊन-येऊन किलोमीटरला सुमारे 168 ओहम पडतात. 21 म्हणजे साधारण 125 मीटर. याला जास्तीत जास्त अंतर समजा. जिथे तारा चिकटल्या त्या जागेचाही थोडा विरोध असतो, आणि ड्रॉप वायरचा धातू वेगळा असल्याने तिचा मीटरमागे जास्त पडतो. दोष त्याहून जवळच असेल, दूर नाही. आकडा स्थिर आहे, म्हणजे तारा धातूला धातू लागून बसल्या असाव्यात. नुसतं पाणी असतं तर आकडा हलत राहिला असता.

डीपी किती दूर आहे? तिथून घरापर्यंतची तार चालत जाऊन बघा. लांबूनच, खांबावर चढायचं नाही.

कडुनिंब
डीपी कोपऱ्याच्या खांबावर, साधारण 40 मीटर. बघून आले. शेजारच्यांनी नवीन टिनाचं शेड टाकलंय आणि आमची तार त्याच्या कडेखाली दबलेली आहे! हाच आकडा आणि एंगेजची गोष्ट सांगून तक्रार पुन्हा नोंदवली, ड्रॉप वायर बदलायला सांगितलं.

कडुनिंब (दोन दिवसांनी)
लाइनमन आले. शेडखालची तार सोलून दोन्ही कोर एकमेकांना लागले होते. डीपीपासून नवीन ड्रॉप वायर ओढली. बाबांनी लगेच नाशिकला मावशीला फोन लावला, अर्धा तास बोलले. मोडेम जुनाच आहे, चालतोय.

पण मोडेमच्या सेटिंगच्या पानावर, 192.168.1.1 वर, आत पाहिलं तर SNR Margin 7 dB दाखवतंय. फोन वाजला की नेट अजूनही तुटतं. सगळ्या फोनना स्प्लिटरमधूनच तार दिली आहे.

महालकर
स्प्लिटर बदला आता तरी. स्वस्त आहे.

जुना जॉइंटर
SNR Margin म्हणजे गोंगाटाच्या वर सिग्नलला किती राखीव जागा उरते ते, जास्त तितकं चांगलं. 7 म्हणजे काठावर. घंटीच्या वेळी तुटतं म्हणजे सांध्यात गंज असावा, खरखर त्याचीच असेल. शेडखालचा शॉर्ट वेगळा होता, हा दोष वेगळा. महालकरांचं ऐकून स्प्लिटर काढून मोडेम सरळ रोझेटला लावून बघा. आकडा तोच राहिला तर सांधा डीपीत किंवा केबलमध्ये आहे, आणि त्यासाठी लाइनमनला डीपी उघडावा लागेल. दुसरी मोकळी जोडी असेल तर त्यावर बदलून मागा.

कडुनिंब
स्प्लिटर काढून पाहिला. 7 चे 7.5 झाले, एवढंच. डीपी उघडायची विनंती केली आहे, अजून कुणी आलेलं नाही.