चावीची खाच आणि स्प्लाइन: ट्रॉलरच्या विंचचा शाफ्ट

«मालिमला आमच्या ट्रॉलरच्या विंचचा ४० मिमी शाफ्ट चावीच्या खाचेपाशी दोनदा तुटला. स्प्लाइन केल्यास, म्हणजे शाफ्टवरच दात कोरल्यास, भार सर्व दातांवर सारखा पडेल ना?»

सारखा पडणार नाही. ४०० न्यूटन-मीटर पीळ असताना शाफ्ट आणि चाक जोडणाऱ्या एकट्या चावीवर सुमारे २० किलोन्यूटन बल येते. स्प्लाइनच्या समजा आठ दातांवर ते विभागले जाते खरे, परंतु दातांच्या अंतरांत सूक्ष्म चुका राहतातच, म्हणून निम्मेच दात भार घेतात असे धरून हिशेब करावा. तुटलेला पृष्ठभाग मात्र आधी पाहावा. तडा खाचेच्या तळाच्या धारदार कोपऱ्यातून निघून अक्षाशी ४५ अंशांत वळला असेल, तर ते पिळाच्या थकव्याचे लक्षण आहे. अशा वेळी नव्या शाफ्टच्या खाचेत तळाला गोलाई ठेवून, चावीच्या कडा तेवढ्याच तिरप्या घासून ती घट्ट बसवणे स्वस्त पडते. उलटसुलट फिरणाऱ्या विंचमध्ये ढिली स्प्लाइनही झिजतेच, आणि दातांवरची तांबूस भुकटी ते सांगते.