मुलाखतीत ‘दुर्बलता’ कोण विचारतं? आणि ‘गॅप’ला काय म्हणायचं?

शिकवणीवाली
मी पुण्यात अमराठी मोठ्या माणसांना मराठी शिकवते. सध्याचा गट भाजी, रिक्षा, शेजारीपाजारी यांच्या पुढे गेलेला आहे. त्यातल्या एकीला पतसंस्थेत काउंटर आणि हिशेबाच्या कामासाठी अर्ज करायचाय. ती मूळची केरळची. तीन वर्षं एका दुकानाचे हिशेब टॅलीवर लिहिले, मग सासूबाईंच्या आजारपणात दोन वर्षं घरी होती. तिच्यासाठी हा संवाद लिहिला:

व्यवस्थापक: तुमची बलस्थानं कोणती?
ती: माझ्याकडे तीन वर्षांचा अनुभव आहे. मी कष्टाळू आणि मनमिळाऊ आहे.
व्यवस्थापक: आणि दुर्बलता?
ती: मी परिपूर्णतावादी आहे.
व्यवस्थापक: तुमच्या अनुभवात दोन वर्षांचं अंतर दिसतं.
ती: मी दोन वर्षं घरी बसले होते.

व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही, पण असं कोणी बोलत नाही. ‘दुर्बलता’ काढून ‘अशक्तपणा’ घालून पाहिलं, तर वर्गातल्या एका गृहस्थांनी गंभीरपणे उत्तर दिलं, “हिमोग्लोबिन दहा आहे, गोळ्या चालू आहेत.” शब्द सुचवा.

शुद्धमती
‘बलस्थान’ उत्तम शब्द आहे, तो ठेवा. दुसऱ्यासाठी ‘उणीव’ किंवा ‘वैगुण्य’. ‘जमेची बाजू’ असं कोणीतरी सुचवेलच, पण ‘जमा’ अरबी आहे.

जुना वसुलीवाला
अहो, ‘जमा’ अरबी म्हणून काढलीत तर ‘अर्ज’, ‘हिशेब’ आणि ‘बाकी’ही काढावे लागतील. मग पतसंस्थेत उरलं काय? माझी उभी नोकरी थकबाकीवर गेली, शेवटची काही वर्षं मुलाखती घ्यायलाही बसवायचे.

‘बलस्थान’ चुकीचा नाही, पण तो दुसऱ्याबद्दल बोलायचा शब्द आहे. संघाचं बलस्थान फिरकी गोलंदाजी, हे ठीक. समोर बसलेली मुलगी “माझं बलस्थान...” म्हणाली की भाषण सुरू झाल्यासारखं वाटतं. आम्ही विचारायचो, “काय काय येतं तुम्हाला?” आणि नंतर, “कुठे कमी पडता?” नामाची गरजच पडत नाही.

मनमिळाऊ नको
‘मनमिळाऊ’ आधी काढा हो ताई. ‘गोरी, गृहकृत्यदक्ष, मनमिळाऊ’ असं स्थळाच्या जाहिरातीत असतं. ‘होतकरू’चंही तेच, दुसऱ्याने म्हणायचा शब्द. आणि ‘माझ्याकडे अनुभव आहे’ हे हिंदीवरून आलंय. मराठीत ‘मला अनुभव आहे’.

शिकवणीवाली
‘मनमिळाऊ’ गेला. ‘माझ्याकडे अनुभव’ मात्र आता चांगली मराठी माणसंही म्हणतात. वर्गात ‘मला’ शिकवीन, पण दुसरं चूक म्हणणार नाही.

वसुलीवाले काका, ‘येतं’ आणि ‘जमतं’ यांत माझे विद्यार्थी सतत घोळ घालतात. “मला टॅली जमेल” म्हणतात.

जुना वसुलीवाला
तिथेच तर नोकरी जाते! ‘येतं’ म्हणजे शिकून झालंय. ‘जमतं’ म्हणजे हात बसलाय. आमची ही म्हणते, पोळ्या येतात सगळ्यांना, गोल जमत नाहीत. आणि ‘जमेल’ म्हणजे अजून केलेलं नाही, बघू. तेरीज म्हणजे जमा आणि नावे जुळतात का ते बघायचा तक्ता. “तेरीज जुळवता येते का?” याला “जमेल” असं उत्तर आलं की आम्ही समजायचो, हिने तेरीज लांबूनच पाहिलीय. “येते. दुकानात दर महिन्याला मीच जुळवायचे,” असं म्हणाली की पुढचा प्रश्न त्यातलाच विचारायचा: फरक आला तर आधी काय बघता? खरं काम केलेली म्हणते, फरकाला नऊने भाग जातो का बघते. भाग गेला तर बहुतेक आकडे उलटे पडलेत, ५४चे ४५ झालेत.

शुद्धमती
‘जमणे’ हे क्रियापद त्या ‘जमा’वरूनच आलं असणार, म्हणजे तेही परकीयच.

मनमिळाऊ नको
असेल किंवा नसेल, ‘माणसं जमली’ आणि ‘पोळी जमली’ एकच का हेही मला कळत नाही. पण त्याने तिची तेरीज जुळणार नाही.

चाकणकर
मी विषय थोडा बदलतोय, माफ करा. कंपनी बंद पडली आणि मी १४ महिने घरी होतो. मुलाखतीत म्हणालो, “नोकरी सोडली.” लगेच पुढचा प्रश्न, “का सोडली?” आणि मी अडकलो. खरं सांगायला लागलो तर आधीचं खोटं ठरलं. ‘सुटली’ म्हणालो असतो तरी वाटलं असतं, काढलं असणार. त्यांना गॅप चालते, थाप चालत नाही. तेवढं त्या ताईंना सांगा.

शिकवणीवाली
विषय अजिबात बदललेला नाही. सोडली, सुटली, गेली ही तीन क्रियापदं मी उद्याच फळ्यावर लिहिते. ‘सोडली’त माझा निर्णय आहे, ‘सुटली’त कोणाचा ते गुलदस्त्यात. तुमच्या बाबतीत “कंपनी बंद पडली, तेव्हा गेली” एवढं पुरलं असतं. आमच्या बाईंना मात्र ‘सोडली’च बरोबर, कारण पुढच्या “का?”ला तिच्याकडे सरळ उत्तर आहे.

कोपऱ्यातली
‘घरी बसले होते’ मला टोचलं. दोन वर्षं आजारी माणसाचं केलं आणि त्याला ‘बसले होते’? बसतो तो रिकामा. ‘घरी होते’ म्हणू दे.

शिवाय गॅप दोन आहेत ना? एक वर्षांची. दुसरी म्हणजे पतसंस्थेत तिने कधी काम केलेलं नाही. पिग्मीची रोजची छोटी ठेव, आवर्त ठेव, हे दुकानात कुठून येणार? “मला पिग्मी माहीत नाही” आणि “पिग्मीचं काम मी केलेलं नाही” यांत फार फरक आहे.

शिकवणीवाली
ही दुसरी गॅप माझ्या लक्षातच आली नव्हती. सुधारलेला संवाद, काल वर्गात वाचला तसा:

व्यवस्थापक: काय काय येतं तुम्हाला?
ती: मला हिशेबाच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव आहे, सर. टॅली येतं. महिनाअखेरची तेरीज मीच जुळवायचे.
व्यवस्थापक: आणि कुठे कमी पडता?
ती: मराठी आकडे पटकन ऐकले की गोंधळ होतो. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी. म्हणून मी पैसे मोजण्याआधी विचारून घेते, “पाच-नऊ ना?”
व्यवस्थापक: मधली दोन वर्षं?
ती: मी नोकरी सोडली होती. सासूबाईंचं आजारपण होतं, त्यांचं सगळं मी बघत होते. आता त्या हिंडत्याफिरत्या आहेत.
व्यवस्थापक: पिग्मीचं काम केलंय?
ती: नाही सर, केलेलं नाही. दुकानात उधारीची खाती मी सांभाळायचे, रोज थोडे थोडे पैसे यायचे, त्याच दिवशी नोंद करायची. तेवढं येतं.

आकड्यांची अडचण तिची स्वतःची आहे, मी रचलेली नाही. ‘परिपूर्णतावादी’ कोणालाच आठवला नाही.

शुद्धमती
छान झालाय. पण ‘गॅप’ला नाम तुम्ही टाळलंत. ‘खंड’ आहे की. ‘नोकरीत दोन वर्षांचा खंड.’

जुना वसुलीवाला
अर्जात ‘सेवेत खंड’ लिहितातच. तोंडी मात्र आमच्याकडे शिपाईसुद्धा ‘गॅप’च म्हणायचा.

कोपऱ्यातली
आणि एक दिवस आलं नाही तर ‘खाडा’. कामवाल्या बाईंचा खाडा, साहेबांची रजा. दोन वर्षांच्या खाड्याला शब्द नाही वाटतं.

शिकवणीवाली
वर्गात हाच प्रश्न आला होता: साहेबांचा खाडा का नसतो? मुलाखत मंगळवारी आहे.